धरलेली मजुरी

माझी मोठी जाऊ दोन म्हशी सांभाळायची आणि तिचा मला राग यायचा. म्हशींचा नाही, तिचा. आम्ही विश्रांतवाडीला राहायचो. घरामागे पत्र्याचा गोठा होता, आणि चारी बाजूंनी नव्या बिल्डिंगी उठत होत्या. त्यांत कॉम्प्युटरवाली जोडपी राहायला आली होती. त्यांना पिशवीचं दूध चालेना. किटली घेऊन ती मंडळी सकाळी आमच्या दारात उभी राहायची आणि जाऊबाईंना "वहिनी, तुमच्या दुधाला काय साय येते हो!" म्हणायची. जणू काही साय हिनेच आणली होती.

मी कसबा पेठेतली, बारावी कॉमर्स. लग्न झाल्यापासून नऊ माणसांचा स्वयंपाक माझ्याकडे, कारण जाऊबाई पहाटेपासून गोठ्यात. माझ्या पोळ्यांना कोणी दारात येऊन वा म्हटलं नाही. सासरे जेवताना आमटीबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत आणि हात धुता धुता विचारायचे, "थोरले, आज किती निघालं गं?"

मी मनातल्या मनात हिशेब करायचे. दिवसाला बारा लिटर निघतं, अठरा रुपये भाव, म्हणजे महिन्याला साडेसहा हजार. साडेसहा हजार! माझ्या नवऱ्याच्या रिक्षालाही एवढे सुटत नव्हते. म्हणून घरात तिचा एवढा मान, असं मी धरून चालले होते, आणि भांडी घासताना तो आकडा मला टोचायचा.

मग एक एजंट आला. गोठा पाडून तिथे खोली बांधली तर कंपनीत काम करणारी दोन मुलं दीड हजार भाडं देतील, असं त्याने सांगितलं. मला ते फार पटलं. खोलीला ना साय येते, ना खोलीला कोणी वहिनी म्हणतं. मी नवऱ्याच्या मागे लागले, त्याने सासऱ्यांच्या कानावर घातलं, आणि एका रविवारी चहा झाल्यावर सगळे ओसरीवर बसले. म्हशी ठेवायच्या की विकायच्या, हे त्या दिवशी ठरणार होतं. जाऊबाई दाराशी उभ्या होत्या, हाताला पेंडीचा वास. त्यांचा चेहरा उतरला होता. मला बरं वाटलं.

हिशेब मांडायला सासऱ्यांनी मलाच सांगितलं. मी ऐटीत बारा लिटरने सुरुवात केली. ते म्हणाले, "खोड ते. आजचं दूध धरायचं न्हाय. एक म्हस आत्ता व्यालीय म्हनून बारा हाय. दुसरी दोन म्हैन्यानं आटंल, मग चार म्हैने नुसती खाईल. वर्साकाठी धरलं तर रोज धा पडतंय. घरचं एक काढ. नऊ लिव्ह."

नऊ लिटरचे महिन्याला चार हजार आठशे साठ झाले. माझा साडेसहा हजाराचा आकडा पहिल्याच ओळीत गेला. हिरवा चारा आणि कडबा मिळून रोजचे सत्तर, म्हणजे एकवीसशे. तो दूध असो नसो, द्यावाच लागतो. सरकी पेंड आणि भुसा साधारण साडेबाराशे. डॉक्टर, जंताचं औषध, म्हैस माजावर आली की भरवायचा खर्च, लाइट, सगळं मिळून तीनशे धरले. शेणखताचे दोनशे वरून आले. बेरीज-वजाबाकी करून उरले चौदाशे.

चौदाशे! एवढ्यासाठी मी इतकी वर्षं जळत होते? पण चौदाशे आणि दीड हजार यांत शंभराचाच फरक. तेवढ्याने म्हशी जाणार नाहीत, हे मला दिसत होतं. मोठे दीर खुशीत म्हणालेसुद्धा, "शंभर रुपड्यांसाठी गोठा कशाला पाडायचा?"

तेव्हा मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "मामंजी, मजुरी राहिली की. धंद्याच्या हिशेबात मजुरी धरतात."

"मजुरी कसली?" दीर म्हणाले. "घरचंच मानूस हाय."

"कॉलेजात असंच शिकवलंय," मी म्हणाले.

सासरे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बरूबर हाय. पलीकडच्या गोठ्यावर दोन जनावरांमागं गड्याला बाराशे देत्यात. लिव्ह."

मी लिहिलं. उरले दोनशे. खोलीचे दीड हजार समोर दिसत होते. जाऊबाईंनी पदराने डोळे टिपले, आणि खरं सांगते, मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने खाली वाकले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

"आता घरचं लिटर," सासरे म्हणाले. "म्हशी गेल्या तर च्याला दूध इकत घ्यायचं का न्हाय? त्याचं साडेपाश्शे. आन् खोली काय फुकट उभी ऱ्हाती? भिंती, मोरी, संडास. ते पैसं कोन देनार?" त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. "म्हशी ऱ्हात्यात," त्यांनी सांगून टाकलं. "आन् थोरलीला एक तारखंपासनं बाराशे हातात. धाकलीनं मजुरी धरलीया. धरली ती द्यायला लागती."

दीर चिडले, कुरकुरले, पण सासऱ्यांपुढे त्यांचं काही चाललं नाही. मी कप घेऊन तशीच उभी होते. लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या जाऊबाईंच्या हातात कधी स्वतःची शंभराची नोट नव्हती, आणि ती मी, मी मिळवून दिली होती! माझं कॉलेजातलं शिक्षणसुद्धा त्यांच्याच कामी आलं होतं.

एक तारखेला त्या स्वयंपाकघरात आल्या. बाराशे रुमालात बांधलेले. म्हणाल्या, "अगं, तूपण तुझी मजुरी धरायला सांग ना. दोन येळा नऊ मानसांचं करतीस."

मला वाटलं, डिवचतेय. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर ती खरंच म्हणत होती. त्याने तर मी जास्तच पेटले. तशीच ओसरीवर गेले आणि सासऱ्यांना म्हणाले, समोरच्या बिल्डिंगीत पोळ्या-भाजीला बाईला आठशे देतात, माझेही धरा.

सासऱ्यांनी तंबाखू मळता मळता विचार केला. थट्टा केली नाही, हे त्यातल्या त्यात बरं. म्हणाले, "धरतो की. पर देऊ कशातनं? म्हशीची मजुरी दुधातनं निघती. तुझ्या भाकरीला गिऱ्हाईक कुठंय?"

मी तणतणत आत जायला वळले.

जाऊबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. "माझ्यातलं चारशे तिला द्या," त्या म्हणाल्या. "ती चूल बघती म्हनून मी गोठ्यात जाते."

सासऱ्यांनी मान डोलावली. तिने तिथेच रुमाल सोडला आणि चार नोटा मोजून माझ्यापुढे धरल्या. मला त्या नको होत्या. तिच्या हातून तर मुळीच नको होत्या. घरात तिचं नाव आणखी मोठं होणार, हे मला दिसत होतं.

मी त्या घेतल्या. दर महिन्याला घेत राहिले, आणि दर महिन्याला तिचा राग आला.