एक फ्लॅट, दोन घरं

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, निवृत्त होणार असं कळलं, तेव्हा त्यांना रडवायचं मी ठरवलं.

यात दुष्टपणा नव्हता. असला तरी थोडाच. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकवलं. साकोलीहून चार थांब्यांवरची आमची सरकारी शाळा. बस दहा मिनिटं उशिरा आली तर बाई माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. मी भांडकुदळ आहे, हे घरचे सांगतात आणि मी ते मान्य करत नाही. एकदा भर मीटिंगमध्ये मी बाईंना म्हटलं होतं, की तुम्हाला माणसं नकोत, फक्त वेळापत्रक पाहिजे. त्यांनी मीटिंगचा पुढचा विषय घेतला. पुढच्याच महिन्यात माझी आई नागपूरला दवाखान्यात होती, तेव्हा नऊ दिवस बाईंनी माझा चौथीचा वर्ग स्वतः घेतला आणि मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. मी तेव्हाच माफी मागायला पाहिजे होती. मागितली नाही. दोन वर्षं ती माझ्या घशात अडकून बसली होती आणि आता बाई महिनाअखेरीला अड्याळला आपल्या घरी कायमच्या जाणार होत्या.

तोंडाने जमत नाही तर वाजवून सांगू, असं माझ्या डोक्यात आलं. मी दर रविवारी साकोलीत एका मास्तरांकडे कीबोर्ड शिकते. मास्तर लष्कराच्या बँडमधून रिटायर झालेले. ते नोटेशन लिहून देतात, पाच रेघांवरचं, इंग्रजी पद्धतीचं. बाकीचे क्लासवाले 'सारेगम' कागदावर उतरवून देतात आणि पोरं महिन्याभरात लग्नात वाजवतात. आमचे मास्तर रेघा वाचायला लावतात, म्हणून त्यांच्याकडे आम्ही तिघंच.

"निरोपाची एक धून द्या," मी म्हटलं. "अशी की ऐकणारा रडलाच पाहिजे."

मास्तरांनी दोन दिवसांत धून लिहून दिली. नुसती धून, कॉर्ड नाहीत, म्हणजे धुनीखाली एकदम दाबायचे तीन-तीन सूर नाहीत. "कॉर्ड तुमी लावा, मॅडम. कोनत्या स्केलची हाय ते तुमीच ओळखा. परीक्षा समजा."

मी कागद बघितला. सुरुवातीला, रेघांच्या तोंडाशी एक फ्लॅट, म्हणजे सूर एक पट्टी खाली उतरवायची खूण. एक फ्लॅट म्हणजे एफ मेजर, हे मला झोपेतही सांगता येतं. एफ म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी चार. एवढी सोपी परीक्षा घेतल्याबद्दल मला मास्तरांची थोडी कीवच आली.

शाळा सुटल्यावर मी आणि आमचे पाचवीचे सर संगीताच्या खोलीत बसू लागलो. सर गातात. निरोपाचे शब्द त्यांनीच लिहिले होते आणि त्यात 'वटवृक्ष' तीनदा आला होता. मी एफ, बी फ्लॅट आणि सी असे तीन मेजर कॉर्ड लावले. धून छान चालली, फक्त दोन ठिकाणी खटकली. शेवटून दुसऱ्या सुराला, सीला, मास्तरांनी शार्पची, म्हणजे सूर एक पट्टी वर चढवायची, खूण दिली होती. मला वाटलं, पेन घसरला असेल. मी ती सोडून दिली. आणि धून शेवटी डीवर, म्हणजे पांढरी दोनवर, संपत होती. एफच्या कॉर्डवर ती डी अशी लोंबकळत राहायची की सर गाणं संपलं हेच मानायला तयार नव्हते. मग मी शेवटचा सूर बदलून एफ केला. गाणं धपकन घरी येऊन बसलं. मास्तरांची चूक सुधारल्याचं मला समाधान वाटलं.

एकच अडचण होती. गाणं ऐकून कुणी रडेना. व्हरांड्यात पोरं त्यावर नाचायची. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पातेलं घासता घासता कंबर हलवायच्या. सर 'वटवृक्षा, तू चाललास' असं गायचे आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, बरं झालं, कटकट गेली. आठवडाभर आम्ही हेच वाजवत होतो. संगीताच्या खोलीची भिंत बाईंच्या ऑफिसला लागून आहे.

पुढच्या रविवारी मी ते मास्तरांना वाजवून दाखवलं. मास्तर आधी हसले, मग गंभीर झाले, मग परत हसले.

"मॅडम, हे तुमी कोनाच्या वरातीत वाजवून राहिल्या?"

"एक फ्लॅट आहे ना? एफ मेजर."

"एक फ्लॅट दिसला की एफ मेजर, असं कोन सांगितलं? त्या एका फ्लॅटात दोन घरं राहतात. एक मेजर, हासनारं. एक मायनर, रडनारं. आंगन एकच, सूर तेच, पन घर वेगळं. कोनत्या घरी जाचं ते आंगन पाहून नाही समजत. गानं शेवटी कोठं जाऊन बसते ते पाहाचं. आन त्या सीवर शार्प काहून देलो मी? मायनरमधे शेवटच्या घरात शिरासाठी सी जरा वर चढवा लागते. तुमी तं दरवाजाच काढून फेकला."

"मग मायनर कोणतं?" मी जरा रागानेच विचारलं. चूक कळली की मला राग येतो.

"मेजरपासून तीन पट्ट्या खाली उतरा. काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून. तेथं तुमचं मायनर भेटते. करून पाहा घरी."

त्यांनी सूर बोलून दाखवला असता तर पुढचा तमाशा टळला असता. पण मास्तर कधीच उत्तर सांगत नाहीत, उत्तराचा रस्ता सांगतात.

सोमवारी मी सरांना बाजूला बसवून मोजलं. आता आमच्याकडे मोजायची एक रीत आहे. बाळाची पाचवी काढताना जन्माचा दिवस पहिला धरतात. मी गेल्याच महिन्यात पुतण्याच्या पाचवीचा हिशेब सगळ्या घराला बोटांवर करून दाखवला होता. त्याच बोटांनी मोजलं: एफ एक, ई दोन, ई फ्लॅट तीन. काळी दोन. ई फ्लॅट मायनर. काळ्या पट्टीवरचं मायनर म्हणजे दुःख आणखी गडद असणार, असंही मला वाटून गेलं.

तो कॉर्ड दाबला आणि सरांनी तोंड उघडलं.

सरांनी लगेच बंद केलं. "मॅडम, माह्या पोटात गोळा येऊन राहिला."

"दुःखाचा असेल. गा."

सर शूर माणूस. ते गायले. गाणं एका गल्लीत चाललं होतं आणि कॉर्ड दुसऱ्याच गावात. व्हरांड्यातली पोरं पांगली. मावशींनी पातेलं खाली ठेवलं. दुसऱ्या कडव्यावर बाई स्वतः दारात आल्या. अकरा वर्षांत त्या संगीताच्या खोलीपर्यंत पहिल्यांदाच आल्या असतील.

"मॅडम, कोणाला लागलं का?"

"नाही बाई. प्रॅक्टिस आहे."

"बरं," म्हणून त्या गेल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मंगळवारीही आम्ही तेच वाजवलं, कारण मी हट्टी आहे आणि सर भिडस्त आहेत.

मंगळवारी संध्याकाळी मी मास्तरांना फोन लावला आणि कीबोर्डजवळ धरून वाजवलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमी कशा मोजल्या?"

"एफ एक, ई दोन..."

"थांबा. उभ्या हाव ते पायरी कायले मोजता? उतरल्यावर मोजाची. ई एक, ई फ्लॅट दोन, डी तीन. पायरी उतरून राहिल्या तुमी, पाचवी नाही करून राहिल्या."

पाचवीचं त्यांना कसं कळलं, हे मी विचारलं नाही. तीन पावलं उतरून मी डीवर आले. डी मायनर. पांढरी दोन. धून जिथे संपत होती तिथेच. मी शेवटचा डी परत जागेवर ठेवला, सीचा शार्प लावला, खाली डी मायनर, जी मायनर आणि ए मेजर धरले. त्याच पट्ट्या, तोच एक फ्लॅट, आणि खोलीत एकदम सुतकी शांतता. मी एकटीच होते तरी मला रडू आलं.

शनिवारी निरोप समारंभ झाला. सरपंच बोलले, केंद्रप्रमुख बोलले, मग आम्ही वाजवलं. असं वाजवलं की विचारू नका. 'वटवृक्ष' पहिल्यांदा आला तेव्हा सरपंचांनी रुमाल काढला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मावशी हुंदके देत आत पळाल्या. तिसऱ्यांदा सर स्वतःच अडखळले. केंद्रप्रमुखांना बाईंशी ओळख होऊन चार महिने झाले होते, तेही चष्मा पुसत होते. मास्तर मागच्या बाकावर बसून समाधानाने मान हलवत होते.

बाई ताठ बसल्या होत्या. डोळे कोरडे. गाणं संपल्यावर त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

मी इतकी चिडले की जेवलेसुद्धा नाही. पंगत उठेपर्यंत संगीताच्या खोलीत जाऊन कीबोर्डची वायर गुंडाळत बसले. पंधरा दिवस, तीन स्केल, सरांचं पोट, सगळं पाण्यात. आणि माफी तशीच राहिली. बाईंना अड्याळला न्यायला त्यांचा मुलगा गाडी घेऊन आलेला होता.

दारात पावलं वाजली. बाई होत्या, एकट्याच.

"मॅडम, तुम्ही ते गेल्या आठवड्यातलं का नाही वाजवलं?"

"कुठलं?"

"पोरं नाचायची ते."

"ते चुकीचं होतं, बाई. मी मेजर लावलं होतं. ते मायनरचं गाणं आहे."

"मला त्यातलं काही कळत नाही," बाई म्हणाल्या आणि पहिल्या रांगेतल्या छोट्या स्टुलावर बसल्या. गुडघे पार वर आले. "चुकीचं वाजवा."

मी वायर परत लावली. एफ मेजर धरलं, सीचा शार्प काढून टाकला, आणि आठवडाभर वाजवलं तसंच, निर्लज्ज आनंदी वाजवलं. शेवट पांढरी चारवर. पंगतीतली दोन पोरं खिडकीपाशी येऊन उड्या मारू लागली. बाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"आठ दिवस ऑफिसात बसून हे ऐकत होते," त्या म्हणाल्या. "वाटलं, मी गेल्यावरही शाळा अशीच ऐकू येईल." आणि त्यांचा चेहरा एकदम मोडला. पदर तोंडाला लावून त्या गदगदून रडल्या. त्या रडाव्यात म्हणून मी काय काय केलं होतं. आता त्या रडत होत्या तर मला बघवेना.

"बाई," मी वाजवतच म्हटलं, "मला तुमची माफी मागायची आहे."

"कशाबद्दल ते गाणं झाल्यावर सांगा. आत्ता थांबू नका."

मग मी गाणं संपूच दिलं नाही. शेवटच्या एफवर आले की पुन्हा पहिल्या ओळीला जायची. चारदा वाजवलं, पाचदा वाजवलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सहाव्या वेळी मी एफवर बोट ठेवलं, उचललं आणि बाईंना सगळं सांगितलं.