उभ्या टेम्पोचा खर्च

ऐंशीच्या दशकात मुलुंडला आमचा मिठाईच्या खोक्यांचा कारखाना होता. थोरला भाऊ टेम्पो विकत घ्यायला हटून बसला. भाड्याचा टेम्पो फेरीला साठ रुपये घेतो आणि डिझेल पंधराचंच जळतं, एवढाच त्याचा हिशेब.

मी भडकलो. "आणि हप्ता, ड्रायव्हर, विमा, रोड टॅक्स? तुझा सासरा भरणार? टेम्पो नुसता उभा राहिला तरी महिन्याला तेवीसशे! फेरीमागे वाचणार पंचेचाळीस, म्हणजे तो खर्च निघायलाच पन्नासच्या वर फेऱ्या हव्यात, दादा. आपल्या होतात चाळीस."



तेवढ्यात नेहमीचा टेम्पोवाला दारात आला. "आज नाही जमणार, शेठ. फटाक्यांचा माल दुप्पट भाड्याने मिळालाय."

दिवाळी तोंडावर, खोके छतापर्यंत आणि घाटकोपरचा मिठाईवाला खोळंबलेला.

दादा शांतपणे म्हणाला, "आता ही न झालेली फेरी कितीला पडली, ते सांग."