रुक्मिणीबाईंचा घासलेला पॉवर बँक

चाकणच्या कंपनीच्या गेटासमोर रुक्मिणीबाईंची पोह्यांची गाडी. गाडीवर वीज नाही. फोन चालायचा तो पॉवर बँकेवर, आणि सकाळी आठला ठेकेदाराचा फोन उचलला नाही की चाळीस माणसांचा नाश्ता शेजारच्या गाडीवर जायचा. सातव्या महिन्यात पॉवर बँक चार्ज व्हायचाच बंद झाला, तशी बाई तडक शौकतच्या मोबाइल दुकानात आली.

"वर्षाची वारंटी हाय म्हणाला व्हतास. घे, बदलून दे."

शौकतनं तो उलटा केला आणि डोक्याला हात लावला. "मावशी, मागचे आकडे कुठं गेले?"

"त्येल बसलं व्हतं. तारेच्या घासणीनं लख्ख केलाय."

"कढई आहे का ही? त्यावरच सिरीयल नंबर, बॅच असते. ते नसलं की कंपनी लेबल खोडलं म्हणून माल परत करते. बिल आहे?"

तिनं फोन पुढं केला. "पैसं दिल्याचा मेसेज हाय की."

"त्यात पैसे दिल्याचं कळतं, काय घेतलं ते नाही. दुकानाचं शिक्क्याचं बिल लागतं. तारीख, मॉडेल, नंबर लिहिलेलं. आणि खोका असेल तर तोही."

खोका! तो ठेवलाय का टाकलाय, तेच बाईला आठवेना. गाडी झाकून ती घरी गेली. बिल रेशनकार्डाच्या पिशवीत सापडलं. खोक्यात सून करिष्मानं केसांच्या पिना भरलेल्या. "अवो, रिकामा तर व्हता," म्हणत तिनं त्या ताटात ओतल्या. खोक्याचं स्टिकर मात्र शाबूत होतं.

दुकानात शौकतनं टॉर्च तिरकी धरली. नंबराचे पहिले आकडे पार गेलेले. शेवटचे पाच मात्र अंधुक उरलेले, खाली बॅचही. त्यानं एकेक आकडा वाचला, बाई खोक्यावर बोट फिरवत "हाय, हाय" म्हणत गेली. बिलाशीही जुळलं.

"सगळ्याचे फोटो सर्व्हिस सेंटरला पाठवतो. पण शब्द देत नाही. नाही म्हणाले तर माझ्याशी भांडायचं नाही."

"भांडीन की. दुसऱ्या कुनाशी भांडू?"

मधले अकरा दिवस ती गेटावरच्या वॉचमनच्या बोर्डात फोन लावून काढत होती. पाळी बदलली की नवा वॉचमन फोन लावू द्यायचा नाही, तशी दोनदा ऑर्डर हुकली.

बाराव्या दिवशी शौकतनं नवा पॉवर बँक समोर ठेवला. "शेवटचे आकडे उरले होते म्हणून झालं, मावशी. सही करा. नवा नंबर बिलावर मीच लिहिलाय."

"म्हंजी आता परत वर्षाची वारंटी?"

"नाही. पहिल्या बिलाची तारीख धरायची. पाचेक महिने राहिलेत."

"लईच चिकट हाय रे तुझी कंपनी."

दुसऱ्या सकाळी आठला फोन वाजला. पोह्यांत लिंबू पिळता पिळता तिनं कोपरानंच बटण दाबलं. "बोला साहेब, किती माणसं?"