सोमवारचे फोटो, गुरुवारचा फोल्डर

काकूंनी उशी हनुवटीखाली धरली होती आणि अभ्रा निम्म्यापर्यंत चढवला होता, तेवढ्यात ऑफिसच्या मालकांचा फोन आला. अभ्र्याची एक नाडी तुटली होती, ती काकूंच्या दातांत होती. त्यामुळे पहिलं वाक्य मालकांनाच बोलावं लागलं.

"काकू, मौनीबाबाला आज काढतोय. पत्र टाईप करून ठेवलंय. तुम्ही आल्यावर तेवढं शुद्धलेखन बघा."

काकूंनी नाडी काढून ठेवली. "काय केलं त्याने?"

"काही केलं नाही, तेच. सोमवारी बारा तारखेला त्या सातमजली सोसायटीची लिफ्ट तपासायची होती. बुधवारी लिफ्ट मध्येच अडकली. आत सोसायटीचे सेक्रेटरी. वीस मिनिटं. सोमवारचा फोल्डर उघडला, तर त्या इमारतीचा एकही फोटो नाही. आणि काल गुरुवारी बघतो तर अकरा फोटो हजर. लिफ्ट अडकल्यावर जाऊन काढले, दुसरं काय."

"आणि तो काय म्हणतो?"

"'गेलो होतो' म्हणतो. एवढंच."

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या ऑफिसात मौनीबाबा हा सगळ्यांत जुना मेकॅनिक. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्च करायचा नाही, हा त्याचा बाणा. अशा माणसावर आळ आला की आळाचं निम्मं काम तो स्वतःच करून ठेवतो.

काकूंनी फोन ठेवला आणि अर्धवट अभ्र्यातली उशी पलंगावर टेकवून बसल्या. गोष्ट अशी होती की मौनीबाबा खरं बोलत असणार, याची त्यांना पक्की खात्री होती. आणि फोटो गुरुवारच्या फोल्डरात का गेले, तेही त्यांना कळून चुकलं होतं. देवघरातल्या समईकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

बावीस वर्षं काकू त्या ऑफिसात होत्या. त्यातली नऊ वर्षं, गेल्या वर्षापर्यंत, एक काम रोजचं. मेकॅनिक प्रत्येक लिफ्टचे फोटो ईमेलने पाठवत. ब्रेक, दोरखंड, दरवाज्याचं कुलूप आणि शेवटी तपासणीचं कार्ड. काकू एकेक मेल उघडत, एकेक फोटो उतरवून घेत आणि त्या त्या तारखेच्या फोल्डरात ठेवत. दोन तास जात. वर्षभरापूर्वी सून घरात आली. ती कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचं काम करायची. सासूबाईंची मान दुखते हे पाहून तिने एका रविवारी पायथन भाषेत एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून दिली. दर पंधरा मिनिटांनी ही स्क्रिप्ट आपली आपण ऑफिसच्या ईमेलच्या टपालपेटीत डोकवायची, न वाचलेले मेल काढायची, मेलला जोडलेली चित्रं तेवढी बाजूला घ्यायची आणि तारखेच्या नावाचा फोल्डर करून त्यात टाकायची. फोल्डर आधीच असला तर त्यातच भर.

पहिल्या आठवड्यात स्क्रिप्टने इमानेइतबारे सगळंच टाकलं. फोटो अडतीस आणि मेलखालच्या सहीत येणारं कंपनीचं बोधचिन्ह एकशे सहा वेळा. मालक म्हणाले, "निदान बोधचिन्ह तरी हरवणार नाही." मग सुनेने अगदी छोट्या आकाराची चित्रं वगळायला सांगितलं आणि काम सुरळीत झालं.

पण त्या रविवारी तिने एक प्रश्न विचारला होता. "आई, तारीख कुठली धरू?"

"मेल आला ती," काकू म्हणाल्या होत्या.

हे खोटं नव्हतं. फक्त पुरं नव्हतं. मेल पाठवला तरी तो लगेच निघतोच असं नाही. तळघरात रेंज नसते, कुणाचा नेटपॅक संपलेला असतो, मेल फोनमध्येच अडकून बसतो. म्हणून काकू नऊ वर्षं मेलची तारीख बघतच नव्हत्या. त्या कार्डाच्या फोटोवरची तारीख वाचत आणि फोटो त्या दिवशी ठेवत. कुणाचे फोटो आलेच नाहीत तर फोन करून विचारत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळंच यंत्राला सांगून टाकलं तर आपण ऑफिसात जायचं कशाला, असं त्या रविवारी मनात आलं होतं. एवढी एक चावी त्यांनी पदराला बांधून ठेवली होती. आता त्या चावीवर मौनीबाबाची नोकरी टांगली होती.

त्या उठल्या. सून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती.

"जरा ऑफिसची टपालपेटी उघडतेस?"

"स्क्रिप्ट बंद पडली का?"

"नाही. ती सांगितलं तेवढं करते. सांगण्यातच कमी पडले मी."

सगळं सांगायला चार मिनिटं लागली. शेवटी सून म्हणाली, "आई, मी त्या दिवशी दोनदा विचारलं होतं."

"तीनदा," काकू म्हणाल्या. "मी मोजलं होतं."

सुनेने गुरुवारचा तो मेल शोधला. स्क्रिप्ट फक्त प्रत काढते, मूळ मेल पेटीतच राहतो, त्यामुळे अकराही फोटो जागेवर होते. तिने पहिल्याची माहिती उघडली. "फोन फोटो काढतो तेव्हा तारीख-वेळ फोटोच्या आतच लिहून ठेवतो. हे बघा. बारा तारीख, अकरा वाजून चौदा मिनिटं. मेल मात्र पेटीत आला पंधराला."

"सगळ्यांत असतं हे?"

"बहुतेक. चॅटवरून पाठवले की पुसलं जातं. मेलने आलेत म्हणून टिकलं."

शेवटचा फोटो कार्डाचा होता. बारा तारीख, खाली वॉचमनची सही.

काकू ऑफिसात पोचल्या तेव्हा मौनीबाबा बाकावर बसला होता आणि पत्र टेबलावर होतं. त्यांनी तारीख-वेळेसकट छापून आणलेले फोटो मालकांसमोर ठेवले.

मालकांनी चष्मा लावला. "फोनमधली तारीख बदलता येते म्हणतात."

"मग वॉचमनला विचारा. कार्डावर सही त्याची आहे."

मालकांनी फोन लावला. वॉचमनला सोमवार चांगला आठवत होता, कारण मौनीबाबाने त्याच्याकडे पाणी मागितलं होतं आणि ते वॉचमनने त्याच्या तोंडून ऐकलेलं पहिलं वाक्य होतं.

"मग मेल गुरुवारी का?" मालकांनी बाकाकडे पाहिलं.

"पॅक संपला," मौनीबाबा म्हणाला.

"हे कालच सांगता येत नव्हतं?"

"विचारलं नाही."

"आणि चूक माझी," काकू म्हणाल्या. त्यांनी जे होतं ते सगळं सांगितलं, पदराला बांधलेल्या चावीसकट. मालकांनी पत्र चुरगाळलं आणि ते म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं फोल्डर बरोबर होते ते तुमच्यामुळे, आणि या वर्षी चुकले तेही तुमच्यामुळेच. पगार यातल्या कशाचा धरू?"

दुपारी सुनेने घरूनच स्क्रिप्ट बदलली. आता ती फोटोच्या आतली तारीख वाचते. ज्यात ती नसेल, ते फोटो 'काकू बघतील' नावाच्या फोल्डरात जातात. रोज संध्याकाळी कुठल्या इमारतीचे फोटो आले नाहीत, त्याची यादीही येते. फोन मात्र काकूंनाच करावा लागतो.

निघताना मौनीबाबा जिन्यात भेटला.

"काकू."

"काय रे?"

"काही नाही," तो म्हणाला आणि गेला. काकूंनी ते आभार समजून घेतले.

सहा वाजून गेले होते. घरून निघताना काकूंनी अभ्रा आणि त्याची तुटलेली नाडी पर्समध्ये टाकली होती. शिंप्याचं दुकान बंद व्हायच्या आत ती शिवून घ्यायची होती.