घरघंटीची सोडत

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळत आलो. घरात सोडतीचा विषय निघाला की मी गर्दीच्या गमती सांगतो आणि मधली एक गोष्ट गाळतो. आज तीही लिहितो.

साताऱ्यातली शिक्षकी संपल्यावर मी सांगलीला पुतण्याकडे राहायला आलो. त्याचं घरगुती उपकरणांचं दुकान. दिवाळीच्या खरेदीवर तो कुपनं द्यायचा आणि सोडत दुकानासमोर, मांडव घालून, मोबाईलवर थेट दाखवत व्हायची. माईक माझ्याकडे. नंबर, नाव, गाव मोठ्यानं वाचायचं. फोन नंबर मात्र कधी वाचायचा नाही. नाराज झालेल्यांची समजूत काढणं हेही माझंच काम, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा एक पैलवान गडी तावातावानं आला, "गुरुजी, डब्यात माझं कुपनच न्हवतं!" मी अख्खा डबा त्याच्यासमोर ओतला. त्यानं खाली बसून स्वतःचं कुपन शोधलं, लाजला आणि जाताना इस्त्री विकत घेऊन गेला.

जी गोष्ट मी गाळतो, त्या वर्षी पहिलं बक्षीस घरघंटी होतं. चिठ्ठी निघाली आटपाडीकडच्या एका बाईंची. मी तीनदा पुकारलं. कुणी पुढं येईना. फोन लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर.

"हजर न्हाई, दुसरी काढा!" मागून आवाज आला.

"काढा की गुरुजी, का घरघंटीला पाय फुटायची वाट बघताय?"

मांडव हसला, मीही हसलो. कुपनाच्या मागं स्पष्ट छापलं होतं: हजर राहण्याची गरज नाही, आठ दिवसांत कुपनाचा आपल्याकडचा अर्धा भाग आणि ओळखपत्र दाखवावं, मोठी वस्तू टेम्पोनं घरपोच. ते वाक्य मीच लिहून दिलं होतं. तरी गर्दीच्या रंगात मी हात घालून दुसरी चिठ्ठी काढली. ती निघाली पुढच्याच रांगेतल्या रिक्षावाल्याची. तो असा नाचला की टोपी माझ्या डोक्यावर घालून गेला. फोटो झाले. संध्याकाळी घरघंटी त्याच्या घरी पोचलीसुद्धा.

दोन दिवसांनी त्या बाई एसटीनं आल्या, कुपनाचा अर्धा भाग पदराच्या गाठीत बांधून. शेजारणीनं त्यांना मोबाईलवर सोडत दाखवली होती.

"आवं गुरुजी, माझाच नंबर वाचला की तुमी! गल्लीतल्या बायकांस्नी सांगून आले, आता दळणाला तालुक्याला जायाला नगं, माझ्याकडं टाका."

पुतण्यानं मला आत बोलावलं. "काका, चूक आपली आहे. दुसरी घरघंटी देऊ या. आणि तसं जाहीर करू."

'जाहीर' हा शब्द मला टोचला. इतकी वर्षं लोक म्हणायचे, गुरुजी माईकवर आहेत म्हणजे सोडत सरळ. मी म्हणालो, "थांब, मी बोलतो त्यांच्याशी."

आणि मी बोललो. खुर्ची दिली, पंखा लावला, पोराबाळांची चौकशी केली. मग हळूच म्हणालो, "ताई, पुकारल्यावर माणूस हजर लागतो बघा. पण तुम्हाला रिकाम्या हातानं कसं पाठवू? मिक्सर देतो. गुरुवारी टेम्पो येईल, निघताना फोन करू, घरात कुणी असलं म्हणजे झालं."

त्या हसल्या. "असू द्या. तुमाला तरी किती तरास! लय मानानं बोलला, बास झालं."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुतण्या माझ्याशी त्या दिवशी जेवणापुरतंच बोलला. पुढच्या वर्षीपासून मी चिठ्ठी काढण्याआधी सगळे नियम माईकवर वाचू लागलो. 'दुसरी काढा' म्हणणाऱ्याला सांगायचो, "गड्या, आठ दिवस त्यांचे. ते आलेच नाहीत तर तुझा विचार करू." लोक हसायचे, टाळ्याही वाजवायचे. त्या टाळ्या मला घ्यायला नको वाटायच्या.

एकदा टेम्पो आटपाडीच्या बाजूला एक फ्रीज पोचवायला निघाला, तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी बसलो. मनाशी वाक्य पक्कं केलं होतं: ताई, बक्षीस तुमचंच होतं, मी खोटं बोललो.

त्या बाई डोक्यावर दळणाचा डबा घेऊन रस्त्याच्या कडेनं येत होत्या. मला पाहून डबा खाली ठेवला आणि गल्लीला हाक मारली. "आगं या गं, हेच ते सांगलीचे गुरुजी! हजर न्हवते तरी मिक्सर धाडला ह्यांनी. अशी माणसं कुठं हायती आता?"

बायका जमल्या. कुणी खाट टाकली, कुणी डाळिंबं आणली. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी घसा साफ केला.

"मिक्सर नीट चालतोय ना?" मी विचारलं.