दर तीन मिनिटांनी थांबणारी चौकट

दादाच्या आवाजाच्या जागी मी लिहिलेला प्रोग्राम होता. त्याला झालेल्या आजारात स्नायूंचा ताबा एकेक करून सुटत जातो. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ जड झाली. पंचवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत आलेला माणूस बाभुळगावच्या घरात खाटेवर पडून होता आणि त्याचा फक्त डावा अंगठा हलत होता.

बाजारात असे प्रोग्राम मिळतात. पण ते दादाची मराठी बोलत नव्हते, आणि याडीशी, म्हणजे आईशी, आम्ही बोलतो ती बंजाऱ्यांची गोरबोली तर त्यांच्या गावीही नव्हती. मी यवतमाळात लोहाऱ्याच्या बाजूला राहते, एका कंपनीसाठी घरूनच प्रोग्रॅमिंग करते. म्हणून मीच बसले. पडद्यावर अक्षरांच्या ओळी, त्यांवरून एक पिवळी चौकट सरकत जाते. हवी ती ओळ आली की दादानं अंगठ्याखालचं बटण दाबायचं. मग चौकट त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून जाते, पुन्हा दाबायचं. सर्वांत वर, पुढचा शब्द काय असेल याचे दोन-तीन अंदाज. दादा जितका बोलेल तितका प्रोग्राम त्याचे शब्द शिकत जाई.

सुरुवातीलाच एकदा लाईन गेली, लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, आणि हॉस्टेलात राहणाऱ्या आपल्या मुलीसाठी दादानं दोन दिवस खपून लिहिलेली चिठ्ठी गेली. तेव्हा मी दर तीन मिनिटांनी सगळं आपोआप जतन होईल अशी सोय केली. तो बोललेलं प्रत्येक वाक्य, शिकलेला प्रत्येक शब्द, सगळं दरवेळी पहिल्यापासून फाईलमध्ये लिहिलं जायचं. मला त्या सोयीचा अभिमान वाटला होता.

वर्षभर ठीक चाललं. मग एका रविवारी वहिनीचा फोन आला. "ताई, आज यायनं लिहिलं का, 'मधातच थांबून राह्यलं'. मले वाटते श्वासाचं म्हनून राह्यले."

आम्ही त्याला यवतमाळला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी तपासलं. श्वास खरंच कमी होत चालला होता. ते म्हणाले, "पुढे गळ्यातून नळी घालून मशीन लावावं लागेल. हवं की नको, ते आत्ताच त्यांना विचारून ठेवा. नंतर घाईत ठरवणं वाईट असतं."

पुढच्या शनिवारी आम्ही विचारलं. मी दादाच्या चेहऱ्याकडे पाहत होते, वहिनी पडद्याकडे. बऱ्याच वेळानं तिनं वाचलं, "नळी पाहिजे." ती रडायलाच लागली. पण दादाचा अंगठा थांबला नाही. थोड्या वेळानं पडद्यावर होतं, "नळी पाहिजे नको." नंतर त्यानं डोळे मिटून घेतले.

अशी वाक्यं आता वारंवार येऊ लागली होती. याडीला हाक मारताना भलतंच अक्षर, पाणी मागताना भलताच शब्द. या आजारात काही जणांच्या विचारावरही परिणाम होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते आमच्या मनात पक्कं बसलं. वहिनी त्याची वाक्यं स्वतःच पुरी करू लागली. मीही. सहा आठवडे आम्ही त्याला काही विचारलंच नाही. त्याच्या खाटेजवळ बसून त्याच्याविषयी बोलायचो, आणि नळी घालायची असं ठरवूनही टाकलं.

मग मला आठवडाभर सुट्टी मिळाली आणि मी बाभुळगावला राहिले. एका दुपारी वहिनी दळणाला गेली होती. मी दादाच्या उशाशी बसले होते, म्हणजे तो जे पाहायचा तेच मला दिसत होतं. पिवळी चौकट सरकता सरकता थांबली. दोन सेकंद, जरा जास्तच. दादानं बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग चौकट एक घर पुढे गेली आणि त्याचं ते दाबणं त्या पुढच्या घरावर जाऊन पडलं. 'न' हवा होता, 'प' उमटला.

मी घड्याळ लावलं. तीन मिनिटांनी पुन्हा तेच.

कंपनीत अशा तक्रारी मी रोज सोडवते. चौकट हलवणं आणि फाईल लिहिणं ही दोन्ही कामं प्रोग्रामच्या एकाच धाग्यावर, म्हणजे एक संपल्यावर दुसरं अशी, होत होती. सगळ्या शब्दांचा मजकूर बनवून होईपर्यंत पडदा जागचा हलत नसे. पहिल्या महिन्यांत शब्द थोडे होते, कुणाला कळलंही नसेल. दादा जसजसा बोलत गेला तसतसं ते थांबणं लांबत गेलं. माझ्या नव्या मशीनवर, चार ओळींच्या नमुन्यावर, मला ते कधी दिसलंच नव्हतं.

"दादा, तू जे थांबते म्हनलं होतं, ते हे होय का?" मी विचारलं.

पडद्यावर आलं, "हो."

मी तिथेच खाटेच्या कडेवर बसून काम सुरू केलं. मजकूर बनवायचं आणि लिहायचं काम मागे, वेगळ्या धाग्यावर टाकलं. चौकट थांबायची बंद झाली. पण दुसऱ्या दिवशी दादा लिहीत असतानाच जतन करणं अर्ध्यात मोडलं आणि फाईल फाटकी उरली. मागे यादी वाचली जात होती आणि पुढे दादा तिच्यात नवा शब्द घालत होता. घाई माझी होती, त्याची सकाळ गेली. मग नीट केलं. आधी सगळ्याची झटकन एक प्रत काढायची, डोळ्याला जाणवणार नाही इतक्या वेळात. मागच्या धाग्यानं फक्त त्या प्रतीवर काम करायचं, वेगळ्या फाईलमध्ये पुरं लिहायचं, आणि झाल्यावरच ती जुनीच्या जागी ठेवायची. दादा पुढे काय वाटेल ते लिहो, प्रतीला धक्का नाही.

तासभर मी नुसती चौकटीकडे बघत राहिले. ती थांबली नाही.

प्रोग्राम प्रत्येक दाबण्याची वेळ टिपून ठेवायचा. त्या शनिवारच्या नोंदी मी काढल्या. 'नळी'नंतर वर अंदाजाचे दोन शब्द होते, 'नको' आणि शेजारी 'पाहिजे'. चौकट 'नको'वर असताना जतन सुरू झालं होतं. ते संपल्यावर ती पुढे सरकली आणि बटण 'पाहिजे'वर लागलं. काय झालं होतं ते सांगून मी ती नोंद वहिनीला दाखवली. तिनं ती वाचली नाही, तिला वाचायची गरज नव्हती. ती दादाजवळ गेली आणि तिनं पुन्हा विचारलं.

या वेळी आम्ही दोघीही पडद्याकडे पाहत होतो. एकही अक्षर चुकलं नाही.

"नळी नको. तवाच सांगतलं होतं मी."

वहिनी म्हणाली, "बरं." एवढंच.

त्यानंतर दादा सात आठवडे होता. भरपूर बोलला. मुलीला चिठ्ठ्या लिहिल्या, याडीशी गोरबोलीत भांडला, मला एका शब्दाचं शुद्धलेखन सुधारायला लावलं. त्या सहा आठवड्यांबद्दल तो कधीच काही बोलला नाही. मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं, असं आता वाटतं, पण तेव्हा त्याचं उत्तर वाचायची माझी हिंमत नव्हती. श्वास थांबला तेव्हा तो घरीच होता, आणि नळी नव्हती.

वर्षश्राद्धाच्या दिवशी भांडी आवरताना वहिनी म्हणाली, "ताई, मी यायच्या समोरच म्हनत होती, यायले आता काही समजत नाही म्हून. रोज येनाऱ्या-जानाऱ्यायले सांगत होती. यायनं ऐकलं असन."

"ऐकलं असन, वहिनी," मी म्हणाले. "मी पन म्हनलं होतं."

तिनं मान हलवली आणि धुतलेली ताटं पालथी घालत राहिली.