साठ लिटर रस आणि निवडक दहा संत्री

समारंभाच्या हॉलचं स्वयंपाकघर जिच्या हाती होतं, तिला मागून सगळे तोफ म्हणत. पुढून काकी. ही दोन नावं तिला ठाऊक होती आणि दोन्ही तिला आवडायची. वीस वर्षं तिने त्या स्वयंपाकघरात आवाज चढवून कामं करून घेतली होती. आवाज न चढवताही कामं होतात, हे तिला कोणी सांगायला गेलं नाही, कारण सांगायला जाणाऱ्याची काय गत होईल ते सगळ्यांना माहीत होतं.

त्या सोमवारी सकाळी दहा वाजता तोफ धडाडली. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई निवृत्त होत होत्या. साडेअकराला तीनशे माणसं येणार होती आणि प्रत्येकाच्या हातात आल्या आल्या दोनशे मिलिलिटरचा संत्र्याच्या रसाचा ग्लास द्यायचा होता. निव्वळ रस. पाण्याचा थेंब नको, साखरेचा कण नको, ही यजमानांची अट. म्हणजे साठ लिटर. सहाशे संत्री पिळून झाली होती, गाळून झाली होती, आणि पातेल्यांवर बसलेला फेस खाली बसल्यावर मापून पाहिलं तर रस भरला त्रेचाळीस लिटर.

तिने परत मापला. त्रेचाळीसच.

"सतरा लिटर कुठे गेला?" तिने विचारलं. पिळायच्या यंत्रापाशी तिची धाकटी नणंद उभी होती. कमी बोलते म्हणून तिला सगळे अबोली म्हणत. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली होती, आणि सहा महिन्यांपूर्वी वहिनीनेच तिला इथे चिकटवली होती.

"पिळला तेवढा सगळा पातेल्यात आहे, वहिनी."

"पिळलास? याला पिळणं म्हणतात? हातात जीव नाही तुझ्या. अर्धा रस सालीत ठेवून दिलास आणि साली टाकल्यास पिंपात. घरीही तेच, इथेही तेच. तुला इथे आणली ती माझीच अक्कल शेण खायला गेली होती."

भांडी घासणाऱ्या दोघी थांबल्या. काकड्या चिरणाऱ्याने सुरी खाली ठेवली. अबोलीचे कान लाल झाले. आवाज ऐकून मॅनेजर आत आला. वयाने तोफेच्या मुलाएवढा, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि आल्यापासून काकींना कुठे पकडता येईल याच्या शोधात.

"काकी, यांना जमत नसेल तर उद्यापासून दुसरी बाई बघतो," तो म्हणाला. "पण आज काय करायचं? मंडई बंद आहे. सतरा लिटर पाणी घाला, कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," तोफ म्हणाली. "पाणी घालायचं असेल तर आधी मला घरी जाऊ द्या."

तो बाहेर फोन करायला गेला. तोफेच्या अंगाचा तिळपापड झाला होता. परवा याच पोराने तिला विचारलं होतं, साठ लिटरला किती संत्री? तिने वीस वर्षांचा हिशेब सांगितला होता: ग्लासाला तीन, म्हणजे नऊशे. तो हसला होता. तीन जास्त होतात काकी, दहा पिळून दाखवा. तिने व्यापाऱ्याच्या पेटीतली दहा घेतली, त्याच्या नाकावर टिच्चून पिळली, आणि भरला बरोब्बर एक लिटर. मग ग्लासाला दोनच पुरतात की, असं तो म्हणाला आणि सहाशेची ऑर्डर गेली. वर वीस, फोडी करून ग्लासाच्या काठाला लावायला. तेव्हा ती भांडली नाही. आपल्या हातून एका संत्र्याला शंभर मिली निघतो, हे बघून तिला मनातून गुदगुल्याच झाल्या होत्या.

तिने पिंपातली एक साल उचलली. मग दुसरी. मग मूठभर. आतून सगळ्या पांढऱ्याफटक, गराचा तुकडा शिल्लक नाही. याने तिचा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढलाच.

"ती वीस आण इकडे," ती अबोलीवर खेकसली. "दाखवते तुला."

तिने दहा संत्री घेतली, ओट्यावर तळहाताखाली दाबून लोळवली, आडवी कापली आणि यंत्रावर धरली. रस गाळून मापात ओतला. साडेनऊशे मिली.

"बघ. डोळे फोडून बघ."

अबोलीने उरलेली दहा पुढे ओढली आणि वहिनीसमोर ठेवली. "आता हीसुद्धा तुम्हीच पिळा."

"मी का?"

"माझ्या हातात जीव नाही ना. म्हणून."

तोफेने रागारागाने पिळली. मनगट दुखेपर्यंत दाबली. सालीला भोक पडायचं बाकी राहिलं. माप भरलं सव्वापाचशेवर आणि तिथेच राहिलं.

"तुम्ही दहा घेतलीत तेव्हा मी बघत होते," अबोली म्हणाली. "उचलायचं, हातात तोलायचं, हलकं लागलं की परत ठेवायचं. जाड सालीची सगळी मागे राहिली. परवाही तुम्ही असंच केलंत. पेटीत हात घालून दहा शोधून काढली होतीत. मी पिळली ती सहाशे शोधून काढलेली नव्हती. जशी आली तशी होती."

तोफेने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. वीस वर्षांत या हाताने कधी हलकं फळ उचललं नव्हतं. तिने निवडायचं ठरवलंच नव्हतं, हाताने आपसूक निवडलं होतं. त्रेचाळीस लिटरला सहाशे, म्हणजे संत्र्याला सत्तर-बहात्तर. ग्लासाला तीन. तिचाच जुना हिशेब बरोबर होता, आणि तो मोडायला मॅनेजरला पुरावा दिला होता तिनेच. तिला इतका संताप आला की तो कोणावर काढावा हेच सुचेना, कारण दोष द्यायला स्वतःशिवाय कोणीच नव्हतं.

मॅनेजर परत आला. "मग ठरलं का? पाणी?"

"लहान ग्लास काढा," ती म्हणाली. "एकशे चाळीसचे. तीनशेंना बेचाळीस लिटर लागेल, एक लिटर सांडलवंड. रस निव्वळच जाईल. यजमानांना ग्लास लहान का आणि काठाला फोड का नाही, ते मी स्वतः सांगते. आणि हिच्या पिळण्यात काही खोट नाही. परवाची दहा मी निवडून पिळली होती, म्हणून तुमचा हिशेब चुकला. चूक माझी. दुसरी बाई बघायची असेल तर माझ्या जागी बघा."

मॅनेजरला हेच कधीपासून हवं होतं. पण समोर तीनशे ग्लास भरायचे होते. "नंतर बोलू," म्हणत तो गेला. नंतर तो बोलणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

सव्वाअकराला शेवटचा ट्रे भरला. तोफ अबोलीजवळ गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सांगितलं ना मी त्याला. आता तोंड पाडून बसू नकोस."

अबोलीने हात पुसले. सहा महिन्यांत ती एवढं कधी बोलली नव्हती. "त्याला सांगितलंत, कारण माप समोर होतं. घरी भाजी बिघडली, कपडा फाटला, दूध उतू गेलं, की माझाच हात वाईट असतो. दादाही तुमचंच ऐकतो. तिथे माप नाही, वहिनी. तिथे मी काय दाखवू?"

भांडी घासणाऱ्या दोघी ऐकत होत्या. या वेळी त्यांना कामाला लागा म्हणून कोणी ओरडलं नाही.